सोलकढीला बारा टॅग

लेखाला टॅग दिला की त्या टॅगच्या नावाने संकेतस्थळावर एक पान तयार होते. त्या पानावर तो टॅग असलेल्या सगळ्या लेखांची यादी आपोआप लागते. कॅटेगरीचेही तसेच. अशा यादीच्या पानांना अर्काइव्ह म्हणतात. टॅग लिहिणाऱ्याला आपण एक शब्द लिहिला एवढेच ठाऊक असते. त्या शब्दामागे पान उभे राहिले, त्याला स्वतःचा पत्ता मिळाला आणि तो पत्ता गूगललाही कळवला गेला, हे त्याला दिसत नाही. वर्गवारीचे बहुतेक घोटाळे या न दिसणाऱ्या पानांतून होतात.

वर्डप्रेस या प्रणालीत हे सगळ्यात स्पष्ट दिसते. मराठीतली अनेक लहानमोठी संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिच्यात कॅटेगरी पहिल्यापासून होत्या, टॅग २००७ साली २.३ या आवृत्तीत आले. कॅटेगरीखाली उपकॅटेगरी करता येते. टॅगमध्ये वरखाली काही नसते, सगळे एका पातळीवर. प्रत्येक लेखाला किमान एक कॅटेगरी असावीच लागते, आणि लेखकाने दिली नाही तर प्रणाली स्वतःच `Uncategorized` देते. टॅग ऐच्छिक असतात. एक फरक मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. नवी कॅटेगरी तयार करण्याचा अधिकार संपादकाकडे आणि त्याच्या वरच्यांकडे असतो, पण नवा टॅग साधा लेखकही चौकटीत शब्द टाइप करून तयार करू शकतो. म्हणून कॅटेगरी पाच-पंचवीसवर थांबतात आणि टॅग शेकड्यांत जातात.

उदाहरणासाठी मराठी पाककृतींचे एक काल्पनिक संकेतस्थळ घेऊ. तिघीजणी मिळून ते चालवतात आणि सहा-सात वर्षांत त्यावर ३६० पाककृती जमल्या आहेत. त्यातली सोलकढीची पाककृती उघडली तर खाली बारा टॅग दिसतात: सोलकढी, सोलकडी, कोकम, आमसूल, रातांबे, नारळाचे दूध, कोकण, मालवणी, गोवा, उन्हाळा, पाचक, झटपट. लिहिणारीचा हेतू चांगलाच होता. कोणी कोणत्याही शब्दाने शोधले तरी पाककृती सापडावी, इतकेच तिला हवे होते.

आता ‘रातांबे’ या टॅगवर टिचकी मारली तर काय मिळते? वर मोठ्या अक्षरांत ‘रातांबे’, खाली सोलकढीचा फोटो, पाककृतीच्या पहिल्या दोन ओळी आणि ‘पुढे वाचा’. वाचक तिथूनच आलेला असतो. त्या पानावर पाककृतीत नाही असे काहीही नाही. ‘सोलकढी’ आणि ‘सोलकडी’ या टॅगांची पाने उघडली तर तेच, फक्त मथळा वेगळा. ज्याला पातळ पान म्हणतात ते हेच: स्वतःचे सांगण्यासारखे काही नसलेले, दुसऱ्या पानाचा तुकडा दाखवून थांबणारे.

या संकेतस्थळावर एकूण ५४० टॅग आणि ३१ कॅटेगरी आहेत. ५४० पैकी ३१० टॅग एकेकाच पाककृतीला लागलेले आहेत, १२० टॅग दोन पाककृतींना, ७० टॅग तीन ते पाचांना. सहा किंवा त्याहून जास्त पाककृती असलेले टॅग फक्त ४०. म्हणजे पाककृतींची पाने ३६० आणि याद्यांची ५७१. शोधयंत्राने हे संकेतस्थळ पानोपान चाळले, तर निम्म्याहून जास्त वेळा त्याच्या हाती यादीच लागते, आणि त्या यादीतही बहुधा एकच नाव.

गूगलने २०११ च्या फेब्रुवारीत ‘पांडा’ नावाचा बदल केला तेव्हापासून अशा पोकळ पानांविषयी सर्वत्र धास्ती आहे. त्या धास्तीतला काही भाग अनाठायी आहे. टॅगच्या पानावर पाककृतीतल्या दोन ओळी पुन्हा आल्या म्हणून गूगल दंड करत नाही. बहुतेक वेळा ते असे पान वाचते आणि आपल्या सूचीत घेत नाही. सर्च कन्सोलच्या अहवालात अशी पाने `Crawled – currently not indexed` या नोंदीखाली जमा होतात. एखाद्या संकेतस्थळाच्या त्या नोंदीत `/tag/` ने सुरू होणारे शेकडो पत्ते दिसले, तर निदान झालेच. खरे नुकसान वेगळे आहे. चांगल्या याद्या, म्हणजे ‘उपवास’ किंवा ‘गणेशोत्सव’ अशा ज्या वाचक खरोखर शोधतो, त्या या गर्दीत वेगळ्या उठून दिसत नाहीत. पाककृतीतून निघणारे अंतर्गत दुवे बारा ठिकाणी फाटतात आणि वाचक दोनदा फसला की तिसऱ्यांदा टॅगवर टिचकी मारत नाही.

रिकामी यादी तर याहून फसवी. कॅटेगरी तयार केली, त्यातल्या पाककृती नंतर दुसरीकडे हलवल्या आणि कॅटेगरी तशीच राहिली, तर वर्डप्रेस त्या पत्त्यावर ‘काही सापडले नाही’ असे लिहिलेले पान देते, पण यंत्राला मात्र ‘पान व्यवस्थित आहे’ असा २०० चा संकेत पाठवते. गूगल याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणते. यात एक उपखोच आहे. उपकॅटेगरीतल्या पाककृती मूळ कॅटेगरीच्या यादीतही दिसतात, पण डॅशबोर्डवर मूळ कॅटेगरीपुढचा आकडा फक्त थेट तिच्यात टाकलेल्या पाककृती मोजतो. त्यामुळे शून्य आकडा पाहून कॅटेगरी काढून टाकण्याआधी ते पान एकदा उघडून पाहावे.

एवढे टॅग होतात कसे, याचे उत्तर ग्रंथालयशास्त्रात फार पूर्वी मिळाले आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि मुळात गणिताचे अध्यापक असलेल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याआधीच्या पद्धतींत प्रत्येक विषयाला आधीच ठरवलेल्या झाडावर एक जागा असे. रंगनाथन यांचे म्हणणे असे की कोणताही विषय अनेक पैलूंचा बनलेला असतो. वस्तू कोणती, ती कशाची, तिच्यावर काय क्रिया झाली, कुठे आणि केव्हा, असे पैलू आधी सुटे करावेत आणि मग जोडावेत. पैलूंमध्ये अपूर्णविरामाचे चिन्ह, म्हणजे कोलन, म्हणून पद्धतीचे ते नाव.

पाककृतीलाही पैलू असतात. पदार्थ कोणत्या प्रकारचा, तो कुठला, कोणत्या प्रसंगाचा, त्यातला मुख्य जिन्नस कोणता, तो कोणाला चालतो. सोलकढीच्या बारा टॅगांत हे सगळे पैलू एका ओळीत कालवले गेले आहेत. ‘कोकम’, ‘आमसूल’ आणि ‘रातांबे’ हा एकच जिन्नस. रातांबा हे फळ आणि त्याची वाळवलेली साल म्हणजे आमसूल किंवा कोकम. ‘कोकण’ आणि ‘मालवणी’ हा एकच पैलू, फक्त एक दुसऱ्याच्या पोटातला. ‘पाचक’ हा पैलूच नाही, ती तारीफ आहे. ‘झटपट’ ला मोजमाप नाही. एकीला वीस मिनिटे झटपट वाटतात, दुसरीला दहा. आणि ‘सोलकढी’ हे तर पाककृतीचे स्वतःचेच नाव.

कॅटेगरीतही हीच सरमिसळ असते, फक्त तिथे ती जास्त बोचते, कारण कॅटेगरी मेनूत दिसतात. या संकेतस्थळाच्या ३१ कॅटेगरींत ‘भाज्या’, ‘कोकणी’, ‘दिवाळी’, ‘मधुमेहींसाठी’, ‘पेये’, ‘आजीच्या पाककृती’ आणि ‘इतर’ शेजारीशेजारी उभ्या आहेत. फणसाची भाजी हवी असलेल्या वाचकाने ‘भाज्या’ उघडावे की ‘कोकणी’? लिहिणाऱ्या तिघींनी तो प्रश्न तीन वेगळ्या रीतींनी सोडवलेला असतो, त्यामुळे दोन्ही याद्या अर्धवट राहतात. वाचकाला गोंधळ वाटतो तो मेनू लांब असल्यामुळे तितका नाही, जितका दोन दारांमागे एकच खोली निघाल्यामुळे.

म्हणून पहिला निर्णय असा: कॅटेगरीसाठी एकच पैलू निवडायचा आणि प्रत्येक पाककृतीला एकच कॅटेगरी द्यायची. पैलू कोणता निवडावा? जो प्रत्येक पाककृतीला लागू पडतो तो. प्रांत प्रत्येक पाककृतीला नसतो. वरणभाताला कोणता प्रांत लावणार? प्रसंगही नसतो. पदार्थाचा प्रकार मात्र प्रत्येकीला असतो. त्यावरून या ३६० पाककृतींच्या नऊ कॅटेगरी निघतात: न्याहारी ५२, भाज्या-उसळी ७८, आमटी-वरण-कढी ३४, भात २७, पोळी-भाकरी २३, चटणी-कोशिंबीर-लोणची ४१, गोड पदार्थ व सरबते ४६, फराळ-वाळवणे २५, मासे-मटण ३४.

काटेकोर ग्रंथपाल या यादीवर दोन आक्षेप घेईल आणि दोन्ही बरोबर असतील. न्याहारी हा पदार्थाचा प्रकार नाही, खाण्याची वेळ आहे. मासे-मटण हा तर जिन्नस आहे. तरीही दोन्ही ठेवाव्यात. मराठी घरात पोहे, उपमा, थालीपीठ यांना एकत्र बांधणारा न्याहारी हाच शब्द आहे, आणि मासे न खाणाऱ्या वाचकाला कोळंबीची आमटी वरणाशेजारी दिसलेली चालत नाही. पैलूची शुद्धता ही वाचकाच्या सोयीसाठी असते; जिथे ती सोयीच्या आड येते तिथे वाकवावी. फक्त किती ठिकाणी वाकवली ते लिहून ठेवावे, नाहीतर हळूहळू ३१ कॅटेगरी परत येतात.

‘पेये’ या जुन्या कॅटेगरीत चारच पाककृती होत्या: पन्हे आणि तीन सरबते. चार पाककृतींसाठी मेनूत जागा देणे परवडत नाही, म्हणून शेजारच्या कॅटेगरीचे नाव थोडे रुंद केले. ‘गोड पदार्थ व सरबते’ हे नाव देखणे नाही, पण खोटे नाही. लहान कॅटेगरी ‘इतर’ मध्ये ढकलण्यापेक्षा हे बरे. ‘इतर’ वर कोणी टिचकी मारत नाही, आणि लिहिणारीला जिथे विचार करायचा कंटाळा येतो तिथे ती ‘इतर’ निवडते.

प्रत्येक कॅटेगरीसाठी एक-दोन वाक्यांची व्याप्ती लिहून ठेवणे हा या सगळ्या कामातला सर्वात उपयोगी आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे. उदाहरणार्थ, फराळ-वाळवणे: तळून, भाजून किंवा वाळवून डब्यात भरून ठेवण्याचे पदार्थ, लोणची इथे नाहीत. या एका वाक्याने शंकरपाळी गोड पदार्थांत जायची की फराळात, हा वाद संपतो. सोलकढी आमटी-वरण-कढी मध्ये गेली. ती प्यायलीही जाते, पण ताटात ती कढीच्या जागी येते, असे त्या कॅटेगरीच्या व्याप्तीत लिहिले की काम झाले.

उपकॅटेगरी कधी करावी, यासाठी यादीच्या पानांकडे पाहावे. वर्डप्रेस मुळात एका पानावर दहा लेख दाखवते. भाज्या-उसळीच्या ७८ पाककृती म्हणजे आठ पाने. आठव्या पानापर्यंत चालत जाणारा वाचक विरळा. म्हणून तिथे पालेभाज्या २२, फळभाज्या ३५ आणि उसळी २१ अशा तीन उपकॅटेगरी केल्या. प्रत्येकीत तीन-चार पाने भरतात. भाताच्या २७ पाककृतींची मात्र ‘मसालेभात’, ‘खिचडी’, ‘गोड भात’ अशी फोड करायची नाही, कारण त्यातली एकेक यादी पाच-सातवर येऊन थांबेल. एकच उपकॅटेगरी असलेली कॅटेगरी तर कधीच ठेवू नये. दोन्ही पानांवर जवळपास तीच यादी लागते.

ही नावे वाचकाला पटतात का, हे पाहण्याची जुनी आणि स्वस्त रीत आहे. चाळीसेक पाककृतींची नावे चिठ्ठ्यांवर लिहून स्वयंपाक करणाऱ्या काही जणांना द्यावीत, त्यांनी आपापल्या मनाने गठ्ठे करावेत आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यावे. संकेतस्थळाशी संबंध नसलेली माणसे निवडावीत. अशा वेळी साबुदाण्याची खिचडी हमखास अडते. काही जण ती न्याहारीत टाकतात, काही उपवासाच्या वेगळ्या गठ्ठ्यात. यावरून दोन गोष्टी कळतात: खिचडीची कॅटेगरी न्याहारीच राहील, पण ‘उपवास’ हा टॅग इतका महत्त्वाचा आहे की त्याला मेनूत जागा हवी. वर्डप्रेसच्या मेनूत टॅगही घालता येतो. मेनू म्हणजे सगळ्या कॅटेगरींची यादी असे कुठेही लिहिलेले नाही.

उरलेले पैलू टॅगांकडे जातात, पण तेही मोजके. या संकेतस्थळासाठी चार पैलू पुरतात. प्रांताचे सहा टॅग: कोकण, गोवा, विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोल्हापूर. प्रसंगाचे सात, त्यात उपवास, गणेशोत्सव, दिवाळी आणि संक्रांत आलेच. मुख्य जिन्नसाचे बारा, आणि आहाराचे तीन, जसे ‘कांदा-लसूण नसलेले’. एकूण २८. जिन्नसांत बटाटा नाही, कारण तो निम्म्या भाज्यांत असतो आणि इतकी लांब यादी कोणाच्या उपयोगाची नसते. कोकम आहे, कारण सोलकढी, सार, चटणी आणि माशांच्या आमट्या मिळून त्याच्या पाककृती पुरेशा होतात आणि घरात कोकम पडून असलेला माणूस त्या खरोखर शोधतो. सोलकढीला आता तीन टॅग उरले: कोकम, कोकण, गोवा.

नवा टॅग घ्यायचा असेल तर तो आज किमान सहा पाककृतींना लागला पाहिजे, कोणत्याही कॅटेगरीची किंवा दुसऱ्या टॅगची नक्कल नसला पाहिजे, आणि चार पैलूंपैकी एकात बसला पाहिजे. सहा हा आकडा गूगलचा नाही. गूगलने असा कोणताही आकडा दिलेला नाही. सहा पाककृती एका नजरेत मावतात आणि वाचकाला निवड करायला वाव राहतो, म्हणून तो. लेखांची एकूण संख्याच चाळीस-पन्नास असेल, तर टॅग मुळी लागतच नाहीत. कॅटेगरी आणि शोधाची चौकट पुरते. नकलेची कसोटी मात्र कोणत्याही संख्येला लागू आहे. ‘गणपती’, ‘गणेश चतुर्थी’ आणि ‘गणेशोत्सव’ या तीन टॅगांखाली त्याच सात पाककृती असतील, तर तिथे तीन याद्या नाहीत, एकच यादी तीनदा आहे.

मराठीत नकलांची आणखी एक जात आहे. ती इंग्रजीत नसते. ‘पुऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टाइप होतो: एका कळफलकावर ऱ हे वेगळे अक्षर वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरमालिका असते, आणि त्यातून एकाच नावाचे दोन टॅग तयार होऊ शकतात. भाकऱ्या, करवंदाच्या दऱ्याखोऱ्या, सगळीकडे हा धोका. यादीत सारखेच दिसणारे दोन टॅग शेजारीशेजारी आले आणि त्यांचे आकडे वेगळे असले, की हेच कारण शोधावे. शिवाय ‘भाकरी’ आणि ‘भाकऱ्या’, ‘लाडू’ आणि ‘लाडवाचे प्रकार’ अशी रूपे असतातच. टॅग एकवचनी की अनेकवचनी, हे एकदा ठरवून सगळीकडे तसेच ठेवावे.

टॅगच्या पत्त्यातल्या नावाला स्लग म्हणतात. नाव देवनागरीत असले की वर्डप्रेस स्लगही देवनागरीत करते. पत्त्यात मात्र प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त यांची नऊ-नऊ चिन्हे होतात. एकट्या ‘क’ चे `%E0%A4%95` होते. स्लगची मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे साधारण बावीस देवनागरी खुणांची. ‘कांदा-लसूण नसलेल्या भाज्या’ असा टॅग केला तर त्याचा स्लग ‘भाज्’ पर्यंत येऊन तुटतो. तो पत्ता कोणाला पाठवला की टक्केचिन्हांची ओळच्या ओळ दिसते. नाव मराठीतच ठेवावे, स्लग मात्र हाताने छोटा रोमन लिहावा, जसे `bina-kanda-lasun`. हे टॅग तयार करतानाच करावे. नंतर स्लग बदलला तर जुना पत्ता मरतो. लेखाचा स्लग बदलल्यावर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेते. कॅटेगरी आणि टॅगच्या बाबतीत ते असे काही करत नाही.

आता प्रत्यक्ष साफसफाई. सुरुवात यादी काढण्यापासून होते. सर्व्हरवर वर्डप्रेसची आज्ञावली बसवलेली असेल तर एका ओळीत सगळे टॅग आकड्यांसह, कमीवरून जास्तीकडे, मिळतात:

```
wp term list post_tag --fields=term_id,name,slug,count --orderby=count --order=asc
```

ती सोय नसेल तर डॅशबोर्डवर टॅगांच्या तक्त्यात आकड्याच्या स्तंभावर टिचकी मारूनही हाच क्रम लागतो. ही यादी एका तक्त्यात घ्यावी आणि शेजारी सर्च कन्सोलमधून प्रत्येक टॅगच्या पानाला मिळालेल्या भेटी लिहाव्यात. सर्च कन्सोल सोळा महिन्यांपर्यंतची माहिती ठेवते. त्यामुळे मागची दिवाळी आणि मागचा श्रावण त्यात येतो, आणि हे महत्त्वाचे आहे. संक्रांतीचा टॅग मे महिन्यात तपासला तर तो मेलेलाच दिसतो.

मग प्रत्येक टॅगपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: ठेवा, जोडा, काढा. आपल्या उदाहरणात २८ ठेवले, १९० दुसऱ्या टॅगांत जोडले आणि ३२२ काढले. जोडताना क्रम चुकला की माहिती हरवते. आधी जुन्या टॅगखालच्या पाककृती एकत्र निवडून त्यांना नवा टॅग लावावा, आकडा जुळतो का पाहावे, आणि मगच जुना पुसावा. टॅग पुसला की तो पाककृतीवरून नुसता गळून पडतो. कॅटेगरी पुसली आणि एखाद्या पाककृतीला दुसरी कॅटेगरी नसली, तर ती पाककृती मूळच्या ठरावीक कॅटेगरीत, म्हणजे बहुधा `Uncategorized` मध्ये जाऊन पडते. काम संपल्यावर तिथे काही साठले आहे का, हे पाहणे हीच सर्वात जलद तपासणी. या कामाआधी संपूर्ण डेटाबेसची प्रत काढून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

जोडलेल्या टॅगांचे जुने पत्ते नव्याकडे वळवायचे. त्यासाठी ३०१ प्रकारचा, म्हणजे कायमचा, रिडायरेक्ट वापरतात. अपाचे सर्व्हरवर `.htaccess` मध्ये प्रत्येकासाठी एक ओळ पुरते:

```
Redirect 301 /tag/ganpati/ /tag/ganeshotsav/
```

काढलेल्या टॅगांचे मात्र दोन प्रकार करावेत. ‘रातांबे’ सारखा एकाच पाककृतीचा टॅग असेल आणि त्याच्या पानावर कोणी येत असेल, तर तो पत्ता थेट त्या पाककृतीकडे वळवावा. ‘पाचक’, ‘चविष्ट’ असे टॅग कुठेच वळवू नयेत. ती पाने ‘सापडले नाही’ म्हणून मेलेली बरी. सगळे जुने पत्ते मुख्य पानाकडे वळवण्याचा आळशी उपाय बरेच जण करतात. वाचक त्याने बुचकळ्यात पडतो आणि गूगल अशा रिडायरेक्टला सॉफ्ट ४०४ च समजते.

साफसफाई टाळण्यासाठी एक पळवाटही सुचवली जाते: टॅगच्या सगळ्या पानांवर `noindex` लावून टाका. त्याने गूगलच्या सूचीतून पाने जातात हे खरे, पण वाचकाला सोलकढीखाली बारा टॅग दिसायचे ते दिसतातच. हा उपाय एखाद्या होऊ घातलेल्या टॅगपुरता ठीक आहे, जसे तीन पाककृती असलेला आणि वर्षभरात आठवर जाणारा ‘विदर्भ’. आणि तो लावताना `robots.txt` मध्ये त्याच पानांना बंदी घालू नये. बंदी घातली की गूगल पान उघडतच नाही, म्हणून त्यावरची `noindex` ही सूचना त्याला कधी कळत नाही.

ठेवलेल्या चाळीस याद्यांना, म्हणजे नऊ कॅटेगरी, तीन उपकॅटेगरी आणि २८ टॅगांना, आता स्वतःचे काही सांगायला लावता येते. ५७१ पानांसाठी ते शक्य नव्हते. प्रत्येक टॅगला वर्णनाची चौकट असते. बहुतेक थीम ती यादीच्या वर दाखवतात, काही दाखवत नाहीत, म्हणून लिहून झाल्यावर पान उघडून खात्री करावी. ‘उपवास’ च्या वर चार-पाच वाक्ये हवीत: कोणत्या घरी काय चालते यात फरक असतो, इथल्या पाककृतींत सैंधव वापरले आहे की साधे मीठ, भगर आणि साबुदाणा यांच्या पाककृती कुठून सुरू होतात. त्या यादीतली पहिली पाककृतीही विचारपूर्वक निवडावी, कारण वर्डप्रेस नव्यात नवी वर ठेवते आणि ती नेहमीच सर्वात उपयोगी नसते.

दिशादर्शनासाठी तीन ठिकाणी हात लावावा लागतो. मेनूत नऊ कॅटेगरी आणि उपवास, गणेशोत्सव, दिवाळी असे ऋतूप्रमाणे बदलणारे दोन-तीन टॅग. प्रत्येक पाककृतीच्या वर ‘मुख्यपान › भाज्या-उसळी › पालेभाज्या’ अशी वाट, म्हणजे गूगलवरून थेट आलेल्या वाचकालाही आपण कुठे आहोत ते कळते. आणि कडेच्या पट्टीतला टॅगांचा ढग काढून टाकणे. तो मुळात पंचेचाळीस टॅग लहानमोठ्या अक्षरांत दाखवतो आणि जास्त पाककृतींचा टॅग मोठा दिसतो, त्यामुळे सगळ्यात मोठ्या अक्षरांत नेमका सगळ्यात निरुपयोगी शब्द येतो. तारखेप्रमाणे लागणाऱ्या याद्याही पाककृतींना निरर्थक आहेत. ‘मार्च २०१९’ मध्ये काय शिजवले होते, हे शोधत कोणी येत नाही.

वर्डप्रेस ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, स्वतःच `wp-sitemap.xml` तयार करते आणि पाककृती असलेल्या सगळ्या कॅटेगरी आणि टॅग त्यात घालते. साफसफाईनंतर ही फाइल उघडून टॅगांची यादी मोजावी. तिथे २८ च्या जागी जास्त दिसले, तर कोणीतरी मधल्या काळात नवा टॅग टाइप केलेला असतो. तिघींपैकी एकीकडेच नवा टॅग मंजूर करण्याचे काम असले तर हे थांबते. व्याप्तीची वाक्ये आणि २८ टॅगांची यादी तिघींच्या हाताशी असली तर बरेच आधी थांबते.

परिणाम लगेच दिसत नाही. गूगलला जुने पत्ते पुन्हा भेटून रिडायरेक्ट ओळखायला आठवडे लागतात, क्वचित भेट दिल्या जाणाऱ्या पानांना महिने. रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत असे गूगलच सांगते. पण जुने दुवे लोकांच्या व्हॉट्सॲपवर आणि वह्यांत त्याहून जास्त काळ टिकतात, आणि `.htaccess` मधल्या दोनशे ओळींनी संकेतस्थळ मंदावत नाही. त्या ओळी पुसण्याची घाई करू नये.